सुलक्षणाताईंनी कापलेला चंद्रप्रकाश

बाराव्या दिवशी सुलक्षणाताई दुकानात आली. नवरा जाऊन दोन आठवडेही झाले नाहीत आणि ही बाई कॉम्प्युटरसमोर, चाळीतल्या बायका बोलणारच होत्या. बोलू देत. गोरेगाव पूर्वेच्या त्या फोटो स्टुडिओत तिनं बावीस वर्षं लोकांच्या गेलेल्या माणसांचे फोटो बनवले होते. लग्नातल्या, सहलीतल्या फोटोतून माणूस कापायचा, मागे निळं बॅकग्राऊंड टाकायचं, फ्रेम द्यायची. मग आपल्या माणसाचा फोटो दुसऱ्याकडे कसा देणार?

तिचा नवरा, चंद्रप्रकाश, फिल्म स्टुडिओत लाइटमन होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला आणि स्वतः मागे काळोखात उभा राहिला. घरात त्याचे फोटो होते दोन. एक लग्नातला मिशीवाला, दुसरा आधार कार्डावरचा, ज्यात तो चोरासारखा दिसायचा. तिसरा फोटो मिळाला तो त्याच्या मित्राच्या मोबाईलमध्ये. सेटवरचा. लाइटच्या पाठीमागे बसून खदाखदा हसतोय.

"आई, हाच," श्रुतिकानं ठरवून टाकलं. मुलगी सतरा वर्षांची, रडून रडून आवाज बसलेला. "बाबा असेच होते. दुसरा कुठलाच नको."

पण फोटो म्हणजे नुसते दाणे! काळोखात मोबाईलनं ओढूनताणून काढलेला, चेहऱ्यावर, केसांवर लाल-हिरवे ठिपके, रवा सांडल्यासारखे. उद्या तेरावं. फ्रेम सकाळपर्यंत हवी.

"ताई, तुम्ही बसा, मी करतो ना," हर्षद म्हणाला. दुकानातला नवा ऑपरेटर. चांगल्या मनाचा, पण घाईचा. त्यानं थेट सिलेक्ट सब्जेक्टचं, माणूस आपोआप निवडणारं बटण दाबलं आणि चंद्रप्रकाशचा अर्धा कान गायब. खांद्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. केस तर मागच्या काळोखात विरघळूनच गेले.

"वाट लागली," हर्षद पुटपुटला.

"अरे, काय करतोयस!" ताई ओरडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. "किती वेळा सांगितलंय? कॉम्प्युटरला प्रत्येक दाणा म्हणजे कडच वाटते. आधी नॉइज, हे ठिपके काढ, मग सिलेक्शन. ऊठ तू."

ती बसली. हातांना सगळं पाठ होतं. फोटोच्या थराची, लेयरची कॉपी केली, कॉपीवरचा नॉइज चांगला जोरात काढला, काळोख जरासा उजळला. ठिपके विरले आणि केसांची कड काळोखातून हळूच वेगळी झाली. मग सिलेक्शन. या वेळी रेघ कानाभोवतून, मानेवरून अशी गेली की कुठे अडकली नाही. केसांपाशी ब्रश फिरवला. झालं.

आईसोबत दुकानात आलेली श्रुतिका मागून म्हणाली, "हे बाबा नाहीत."

ताईनं पाहिलं. खरंच, गाल मेणासारखा गुळगुळीत. जबड्यावरचा भाजल्याचा डाग पुसला गेला होता. तापलेला लाइट लागला होता तिथे, गणपतीच्या दिवसांत. तिनंच बर्फ चोळला होता, शिव्या घालत.

"थांब गं. ही कॉपी फक्त कापण्यापुरती."

तिनं त्या सिलेक्शनचा मास्क, कापायचा साचा केला आणि उचलून खालच्या मूळ फोटोवर लावला. कॉपी बंद केली. मूळ फोटोवरचा नॉइज अगदी थोडा काढला, डाग राहील इतपत. डाग परत आला. दाढीचे खुंट आले. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या आल्या. श्रुतिकानं स्क्रीनवर बोट टेकवलं, डागावर, आणि बाहेर पळाली.

आता मास्कच्या मागे ताईनं खरा सेट तात्पुरता दाखवला होता, कड तपासायला. दोन मोठे लाइट, लोंबणाऱ्या वायरी, चंद्रप्रकाशची ती प्लास्टिकची खुर्ची. ते बंद करायचं होतं. लेयरच्या बाजूच्या डोळ्याच्या छोट्या चिन्हावर एक क्लिक, बस. लोकांच्या आयांसाठी, भावांसाठी तिनं ही क्लिक हजारदा मारली होती. एका हातात चहा धरून.

आज बोट दाबेना.

"ताई, मी..." हर्षदनं माउसकडे हात नेला.

"नको. मीच."

क्लिक. लाइट गेले. वायरी गेल्या. खुर्ची गेली. निळ्या बॅकग्राऊंडवर चंद्रप्रकाश एकटा, हवेत बसल्यासारखा, कुणाकडे बघून हसत होता कळेना. चिकटवलेला दिसू नये म्हणून तिनं मागच्या रंगावरही थोडे दाणे टाकले. मग फोटो दोनशे टक्के मोठा करून कड पाहिली. कान, मान, खांदा. कड कुठेच दातेरी नाही.

"कट झकास आलाय, ताई," हर्षद सवयीनं बोलून गेला आणि जीभ चावली.

"हो रे," ती म्हणाली. डोळे स्क्रीनवरच. "आता तो कुठेच अडकलेला नाही."

मग तिनं टेबलावर डोकं ठेवलं आणि बारा दिवसांचं रडली.