आत्याने उसवलेली दुसरी शिवण

माझी आत्या दप्तरं शिवते. अठ्ठावीस वर्षं झाली. तिच्या हातची शिवण उसवली असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याची खैर नाही.

रस्त्यापलीकडे पैलवानाचं दुकान. माणूस काडीसारखा, म्हणून पैलवान. तोही दप्तरंच शिवतो. दोघांचा माल अगदी सारखा होता. जाड कापड, दुहेरी शिवण, भक्कम चेन. मग गिऱ्हाईक विचारणार काय? भाव. त्याने दहा कमी केले की आत्या दहा कमी करायची, तिने केले की तो. लोकांची मजा! "मावशी, समोर कमीत देतायत हं!" करता करता भाव कापडदोऱ्याच्या खर्चावर येऊन टेकला. असाच अजून एक हंगाम गेला असता तर आत्याच्या दुकानाला कुलूप लागलं असतं.

"अजून पाच उतरवू," मी म्हटलं. "बसेल घरी."

"त्याच्याआधी आपण बसू. तू गप शिव."

दोन दिवस आत्या मशीनला हात न लावता स्टुलावर बसून गिऱ्हाइकं बघत राहिली. मग मला म्हणाली, "ती बाई बघितलीस? पट्टा तीनदा ओढला. तिला चार वर्षं टिकणारं हवंय, वर पैसे द्यायलाही तयार आहे. आणि तो बघ, हात लावायच्या आधी भाव विचारतो. चांगलं कुठलं ते त्यालाही कळतं गं. पण त्या चांगल्यापायी तो जास्त मोजणार नाही. काही तर एवढ्या भावालाही नुसतं बघून जातात, आणि घरी जुनंच शिवून घेतात."

"मग?"

"मग मी खाली जाते. हलका, स्वस्त माल काढते."

माझं डोकंच फिरलं. आपण का खाली? तर पैलवानाने मोठं मशीन घेतलं होतं. चार पदरी कापड त्यावर लोण्यासारखं शिवलं जायचं, पण पातळ कापडाला चुण्या पडायच्या. "वर त्याला हरवणं जमायचं नाही," आत्या म्हणाली. "आणि त्याच्याहून जरासंच हलकं काढलं, तर पुन्हा तीच मारामारी. उतरायचं तर चांगलं लांब उतरायचं."

पातळ कापड, एकेरी शिवण, साधी चेन. गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची की हे वर्षभरच चालेल. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण माल खपला. नुसतं बघून जाणारेसुद्धा घेऊन जायला लागले. आमचा भाव कमी, पण खर्च त्याहून कमी, त्यामुळे प्रत्येक दप्तरामागे काहीतरी उरायचं. पट्टा ओढणारी गिऱ्हाइकं समोर गेली. तसलं दप्तर आता दुसरीकडे मिळतच नव्हतं, म्हणून पैलवानाने भाव चढवला. एका दप्तरामागे त्याला आमच्याहून जास्त सुटायचं, खोटं कशाला बोलू? तरी दोन्ही दुकानं उभी राहिली.

मग मी माती खाल्ली. नळावर एकजण म्हणाली, "तुझ्या आत्याचा हात गेला वाटतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्या आठवडाभर बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात मी पन्नास दप्तरांना दुसरी शिवण घातली, चांगली चेन लावली, भाव थोडा वाढवला. हातोहात गेली की! मी आणखी साठ शिवली.

पाचव्या दिवशी पैलवानाने भाव धाडकन पाडला. त्याची निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे वळली होती, तो काय बघत बसणार? आता आमची माणसं म्हणायला लागली, "थोडेच जास्त टाकले तर समोर जाड मिळतंय." मग मलाही भाव पाडावा लागला. आत्या परतली तेव्हा साठ दप्तरं पडून होती आणि पैलवान दारात उभा होता.

"ताई, ठरलं नव्हतं काही, पण नीट चाललं होतं ना?"

आत्याने एक दप्तर उलटं केलं. "ही कुणाची करामत?"

"माझी. तुझं नाव राखलं."

"नाव राखलंस, आणि दुकान घालवायला निघालीस. मी हलकं शिवते ते हात गेला म्हणून नाही. ठरवून शिवते." तिने ब्लेड पुढे केलं. "उसव."

"चांगली शिवण उसवू?"

"मग काय वाईट उसवणार?"

ती स्वतःच शेजारी बसली. तिची बोटं बघण्यासारखी होती. पहिल्या शिवणीला धक्का नाही आणि दुसरी सरसर सुटत होती. हात गेलाय म्हणे! संध्याकाळपर्यंत साठही झाली. चेनही पुन्हा साध्या लावल्या, आणि भाव पूर्वीचा लावला.

तीन दिवसांनी पैलवानाचा भाव परत वर गेला. तो येऊन म्हणाला, "मीही एक हलकं दप्तर काढू म्हणतो, ताई."

आत्या हसली. "काढ की. तुझ्या मशीनवर पातळ कापड शिवून दाखव, पहिलं दप्तर मीच घेते."

तो मान हलवत गेला. आत्याने कापडवाल्याला फोन लावला आणि पुढच्या हंगामासाठी पातळ कापड दुप्पट सांगितलं.