झेंडूचा एक वाफा आणि नऊचा कॉल

शूटिंगला उद्या कोणी किती वाजता यायचं, म्हणजे कॉल, हे मी ठरवते. त्या दिवशी वणीजवळचं शूटिंग फार लांबलं. विश्रांती मी पॅकअपच्या घोषणेपासून मोजत नाही. लाइटची माणसं केबल गाडीत चढवून शहरात इंदिरानगरच्या लॉजवर पोहोचतात, तेव्हापासून मोजते. म्हणून दुसऱ्या दिवशी लॉजवरून पहाटे निघायचं ते मी नऊवर ढकललं. दिग्दर्शक तडकले. त्यांना झेंडूचं शेत कोवळ्या उन्हात हवं होतं.

उशिरा येणार हे सांगायला मी शेताच्या मालकीणबाईंना लगेच फोन केला. दसऱ्याचा बाजार असल्यामुळे तोडणी पहाटेच होणार होती.

"झोपू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "पण फुलं काय थांबायची नाय."

आम्ही पोहोचलो तेव्हा शेत नुसतं हिरवं होतं. रस्त्याकडचा एक वाफा मात्र पिवळाधमक. तो बाईंनी न तोडता आमच्यासाठी राखला होता.

"एवढ्याशात शॉट होत नाही," दिग्दर्शक गाडीतूनच म्हणाले, आणि गाड्या वळल्या.

आजही मी कॉल नऊचाच देईन. पण बाजाराची वेळ टळून गेली होती, आणि बाई रिकामी पाटी घेऊन त्या वाफ्याशी उभ्या होत्या.