धाकट्याचा दिवा

साताऱ्यातल्या आमच्या घरी आईच्या खोलीतला दिवा सांगलीहून लागत असे. धाकट्या भावाने घरभर स्मार्ट दिवे आणि प्लग बसवले होते. सांगलीत दुकान आवरता आवरता तो दिवेलागणीला फोनवर बोट टेकवी आणि इथे आईच्या उशाशी उजेड पडे. गुडघ्यांमुळे तिला दारामागच्या बटणापर्यंत जाणे अवघड होते. ती बसल्या जागी हात जोडी आणि म्हणे, "धाकट्यानं दिवा लावला." तिची औषधे, आंघोळीचे पाणी, डॉक्टरांकडच्या खेपा माझ्याकडे होत्या, त्यांना कुणी हात जोडत नसे.

गेल्या वर्षी राउटर बदलला. वायफायचे जुने नाव आणि पासवर्ड ठेवायचा का, असे बसवणाऱ्याने विचारले होते. मी नको म्हणालो आणि माझ्या मनातले नाव दिले. धाकट्याने दिलेले नाव घरातून जावे, एवढीच माझी इच्छा होती. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

त्याच संध्याकाळी सगळे दिवे ॲपमध्ये ऑफलाइन दिसू लागले. आई अंधारात बसून होती. मी बटणाकडे गेलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लावंल की त्यो."

मी हट्टाने व्हरांड्यातला दिवा पाच वेळा चालू-बंद करून रीसेट केला. तो लुकलुकू लागला, पण जोडला जाईना. शेवटी भावाला फोन केला.

"दादा, राउटर बदलला व्हय?" तो म्हणाला. "नाव बदललं असंल, मग दिव्यांना घर कसं सापडायचं?"

बसवणाऱ्याने बदलले, असे मी सांगितले. ते खोटे होते.

त्याने शांतपणे समजावले. हे दिवे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. नव्या राउटरने तो आणि पाचचा पट्टा एकाच नावाखाली आणले होते आणि माझा फोन पाचवर होता. दोन्ही वेगळे करायचे, २.४ ला जुने नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा, की दिवे आपोआप येतील. पासवर्ड मला ठाऊक नव्हता. सगळ्यांचे फोन त्यानेच जोडून दिले होते.

"इंग्रजीत सलग लिही," तो म्हणाला. "दादाचंघर."

माझे बोट थांबले. पुन्हा विचारले, तर हसून म्हणाला, "तुझंच हाय की रं घर. दुसरं काय ठेवणार?"

दोन-तीन मिनिटांत आईच्या खोलीतला दिवा आणि गीझरचा प्लग ॲपमध्ये परतले. रीसेट केलेला व्हरांड्यातला दिवा मात्र आला नाही. भावाने तो आपल्या यादीतून काढला आणि मी तो नव्याने माझ्या फोनवर जोडला.

आईच्या उशाशी उजेड पडला. "उशीर झाला त्याला," असे म्हणत तिने हात जोडले. चूक माझी होती, हे मी तिला सांगायला हवे होते. मी फक्त हो म्हणालो.

आता व्हरांड्यातला दिवा मी लावतो. त्याला हात जोडायला कुणी येत नाही आणि मी अजून, मान्य करतो, दाराकडे पाहतो.