तात्यांची शिट्टी

बारामतीच्या एका छातीच्या डॉक्टरांकडे मी बरीच वर्षं स्पायरोमीटर, म्हणजे श्वास मोजायचं यंत्र, चालवलं. दर गुरुवारी यंत्र पेटीत घालून आम्ही इंदापूरला जायचो. तिथं एका दवाखान्याची मागची खोली मिळायची. निघण्याआधी मी सामान तपासून घेत असे: तोंडात धरायच्या नळ्या, नाकाचे चिमटे, कागदाची गुंडाळी, यंत्राचं माप ताडून बघायची मोठी पिचकारी, श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप. एक वस्तू विसरली तरी दिवस वाया जायचा.

त्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं होतं. भिगवणकडून येणारे रोगी सांगायचे, की बुडालेल्या गावांचे चौथरे उघडे पडलेत, कुणाचं जातं दिसतंय, कुणाची चूल. ऐकायला बरं वाटत नसे.

अशाच एका गुरुवारी भिगवणजवळचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. चाळिशीतला, काटक. वाडवडील मेंढरं राखायचे, हा मका आणि भाजी करायचा. त्याचे वडील, घरचे त्यांना तात्या म्हणत, दोन वर्षांपूर्वी माझ्याच यंत्रात फुंकून गेले होते. आता ते नव्हते.

"तात्यांचंच मला लागलंय," तो खुर्चीत बसता बसता म्हणाला. "तेवढं खरं का खोटं सांगा. खरं असलं तर धाकट्या भावाच्या हवाली जमीन करून मोकळा होतो."

"लागलंय म्हणजे?"

उत्तर बायकोनं दिलं. "तात्या गेल्यापास्नं घरात त्यांची शिट्टी वाजतीया, ताई. दिवेलागणीला सुरू हुती. आदी वाटायचं वारा हाय. मग यांच्या छातीला कान लावला. तीच शिट्टी."

"घे, आता सासऱ्याचं बी भूत केलंस," तो म्हणाला आणि हसता हसता खोकला.

तात्यांचा कागद मला चांगला आठवत होता. पूर्ण भरलेला श्वास जोरात सोडला, की निरोगी माणसाची बहुतेक हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते. एकूण हवेतला हा पहिल्या सेकंदाचा वाटा शंभरात सत्तरच्या खाली गेला, की नळ्यांत अडथळा आहे असं आम्ही धरत असू. तात्यांचा वाटा पन्नासच्याही खाली होता. यंत्र हवेच्या वेगाचीही रेघ काढतं. चांगल्या छातीची रेघ टोकाला चढते आणि सरळ उतरणीनं खाली येते. तात्यांची टोकावरून एकदम कोसळली होती आणि पुढं जमिनीलगत लांब शेपटीसारखी सरपटत गेली होती. पंप देऊन थांबलो, पुन्हा फुंकवलं, तरी तीच रेघ. आयुष्यभराच्या विडीनं केलेला सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार. दम्यात नळ्या औषधानं पुष्कळशा उघडतात. यात मुळातलं नुकसान तसंच राहतं.

मी त्यांच्या या मुलाच्या नाकाला चिमटा लावला. "छाती भरून घ्या. आता सोडा, जोरात! सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका!" तीन वेळा फुंकवलं, तिन्ही आकडे जुळले. वाटा सत्त्याहत्तर. रेघ सरळ उतरणीची.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "आज तरी अडथळा नाही. तुम्हाला वडिलांची धास्ती बसलीय."

मला ते पटेना. फुंकायच्या आधी त्याच्या छातीत शिट्टी नव्हती हे खरं, पण मानेचे स्नायू बरेच दिवस ओढल्यासारखे टणक दिसत होते. आत घेताना मी त्याला विचारलं होतं, आज काही औषध घेतलं का, आणि तो "न्हाय" म्हणाला होता. आता मी बायकोकडे वळले. "सकाळी घरून निघताना काय काय केलंत, ते ओळीनं सांगा बघू."

"चहा घेतला. देवाला हात जोडलं. तात्यांला हात लावला."

"तात्यांना?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग तिनं सांगितलं. तात्यांचा पंप देव्हाऱ्यात लाल फडक्यात ठेवलेला होता. शिट्टी चढली की हा तो कपाळाला लावायचा आणि दोनदा ओढायचा. थोड्या वेळानं शिट्टी थांबायची. आजही निघताना त्यानं तो ओढला होता.

"औषध न्हवं ते, ताई," तो हळूच म्हणाला. "तात्या छातीत येऊन बसत्यात. त्यांची वस्तू दावली की उठून जात्यात."

मग डॉक्टर म्हणाले, "अहो, पंपानं नळ्या उघडल्या म्हणून आजचा कागद चांगला आला. त्या उठून जाणाऱ्यालाच तर पकडायचंय! पुढल्या गुरुवारी पंपाला हात न लावता या. फार धाप लागली तर मात्र ओढा. तपासणीसाठी जीव टांगणीला लावू नका."

पुढच्या गुरुवारी तो दारात यायच्या आधीच मला शिट्टी ऐकू आली. बारीक, दोन सुरांची. तात्यांची होती तशीच, अगदी तशीच. माझ्या अंगावर काटा आला, कारण ओसरीवर सावली पडली होती आणि माणूस अजून दिसत नव्हता.

फुंकवलं. वाटा पंचावन्न. रेघ झोळीसारखी खोल गेलेली. तात्यांचा कागद शेजारी धरला असता, तर बाप कोणता आणि मुलगा कोणता हे मी पटकन सांगू शकले नसते. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हाय न्हवं तेच?"

"अजून अर्धंच झालंय."

आमच्या पंपाचे चार फवारे दिले आणि पंधरा मिनिटं बसवलं. शिट्टी वाजतच होती. मग ती विरळ झाली. एकदा वाजली, थांबली, पुन्हा एकदा वाजली आणि नाहीशी झाली. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. माझीही मान वळली. दार जसं होतं तसंच होतं.

पुन्हा फुंकवलं. वाटा चौऱ्याहत्तर. पहिल्या सेकंदातली हवा सतराशे मिलिलिटरवरून सव्वीसशेवर गेली. झोळी भरून आली होती.

"वडिलांचा कागद असा कधी बदलला नव्हता," डॉक्टर म्हणाले. "विडी नाही, मधले दिवस बरे जातात, आणि औषधानं नळ्या इतक्या उघडतात. हा दमा. रोज ओढायचं औषध वेगळं देतो, ते सोडायचं नाही. जमीन कसा, कुणाच्या हवाली करू नका."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला. मग बायकोला म्हणाला, "ऐकलंस का? तुझा सासरा सुटला."

ती हसली नाही.

"मग परवा हे भिगवणला बाजाराला गेलं हुतं, तवा घरात वाजत हुतं ते काय?"

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "घरात आणखी कोण होतं?"

"कुणीच न्हाय. मी एकटी."

"कुणीच नाही?"

"सासूबाई हुत्या की आतल्या घरात. पर त्यांनी कदी विडीला हात बी लावला न्हाय."

त्या पुढच्या गुरुवारी सासूबाई आल्या. पन्नासच्या दशकात लग्न होऊन त्या ज्या गावात आल्या, ते आता उजनीच्या पोटात होतं. तिथं आणि नंतर भिगवणजवळच्या घरात, खिडकी नसलेल्या खोलीत चुलीपुढं त्यांचा जन्म गेला होता. मशेरीही तिथंच भाजायची. धाप लागते का, असं कुणी त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"मला काय धाड भरलीया," त्या म्हणाल्या, आणि एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. त्या दोन्ही थांबण्यांत शिट्टी वाजली.

मुलगा भिंतीला टेकला. "तात्या न्हवतंच," तो म्हणाला. "आये, तू हुतीस."

फुंकवलं, फवारे दिले, थांबलो, पुन्हा फुंकवलं. वाटा पन्नास, नंतर एक्कावन्न. रेघ दोन्ही वेळा टोकावरून कोसळली आणि जमिनीलगत सरपटत गेली. तात्यांचाच आजार, पण चुलीच्या धुराचा, असं म्हणून डॉक्टर धाप कमी करणाऱ्या औषधाचं सांगत होते, चुलीपासून दूर ठेवायचं सांगत होते. मुलगा ऐकत होता की नाही कोण जाणे. त्यानं खाली वाकून आईच्या पाठीला कान लावला होता, आणि म्हातारी त्याला ढकलत होती, "सोड मेल्या, लोकं बघत्यात."