गंगीबाईचं कौतुक आणि खळ्यावरचा भात

हे मी लिहिणारच नव्हते. माझी पणजी गंगीबाई, तिच्याबद्दल लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात गावातल्या बाकीच्या बाया आपोआप छोट्या व्हायच्या. खोडायचे, परत लिहायचे, परत तेच. आणि नेमक्या याच गोष्टीमुळे तिचा भात भिजायची वेळ आली होती. म्हणून आता न थांबता टाइप करते.

गाव खांडबाऱ्याजवळ, डोंगराच्या कुशीत. साल शेहेचाळीस. पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि गाव आडवं झालं. प्रार्थनाघरात प्रार्थना घ्यायचे पौलसभाऊ, तेही आडवे झाले. साथ गेली, भात पिकला, आणि पिकाच्या सणाला पौलसभाऊंनी ठरवलं की साथीत राबलेल्या तीन बायांचा सत्कार करायचा. गंगीबाई, रेवाबाई, कालीबाई. तिघींना पुढच्या चटईवर बसवलं.

पौलसभाऊ बोलायला उभे राहिले की त्यांना भरून यायचं. ते म्हणाले, "बाकीच्या बाया दारं लावून बसल्या, तेव्हा एकटी गंगीबाई पेज घेऊन घरोघर फिरली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चटईवरच्या दोन बायांनी नाही वाजवल्या. त्यांचे सत्काराचे नारळ मांडीवर होते.

आमच्याकडे भात एकट्यानं झोडत नाहीत. आज तुझ्या खळ्यावर सगळे, उद्या माझ्या. दुसऱ्या दिवशी पाळी गंगीबाईची होती. कापलेला भात खळ्यावर रचलेला, वर ढग, आणि माणूस एकही नाही. वर्षभराचं खाणं ते. तिनं रेवाबाईचं दार वाजवलं.

"कोण?" रेवाबाई आतून.

"मी, गंगी. चल ना ग, ढग बघ."

"आम्ही दारं लावून बसणाऱ्या बाया. आम्हाला कसं दिसणार ढग?"

"मी बोलले का तसं?"

"तू नाही बोलली. बसून ऐकलं."

गंगीबाई सरळ पौलसभाऊंकडे गेली.

"भाऊ, माझं कौतुक परत घे. माझा भात जाईल."

पौलसभाऊंना वाईट वाटलं. म्हणाले, "घ्यायचं कशाला? त्यांचंही करतो. ऐक. 'रेवाबाई जरा रागीट असली तरी...'"

"'तरी' काढ."

"'कालीबाईनं गंगीबाईइतकं नसलं तरी पुष्कळ...'"

"माझं नाव तिच्यात कशाला? आणि 'इतकं' पण काढ."

"मग राहिलं काय?"

"तिनं काय केलं ते सांग आणि खाली बस."

पौलसभाऊ म्हणाले, "काय केलं तिनं?" नावं त्यांना लोकांनी सांगितली होती, काम माहीतच नव्हतं. ते तर पडून होते.

मग ते दोन्ही घरी विचारायला गेले. कालीबाईनं सांगितलं. रेवाबाईनं दाराआडूनच सांगितलं. वर म्हणाली, "आणि गंगीचं काढू नको. नाहीतर आम्हीच तिला खाली ओढलं म्हणतील."

बोलणं सगळ्यांसमोर झालेलं, म्हणून दुरुस्तीही सगळ्यांसमोर हवी. रविवारपर्यंत ढग थांबले नसते. पौलसभाऊंनी झाडाला घंटेसारखा टांगलेला रुळाचा तुकडा वाजवला. रविवार सोडून घंटा वाजली म्हणजे कोणीतरी गेलं. लोक रडायच्या तयारीनं आले.

"कोण गेलं?" म्हाताऱ्या उखानं विचारलं.

"कोणी नाही. माझं चुकलं," पौलसभाऊ म्हणाले. "कोणी दारं लावून बसलं नव्हतं. मी काही बघितलं नव्हतं, तरी बोललो. आता ऐका. कालीबाईनं रानातून लाकडं आणली आणि साथ जाईपर्यंत प्यायचं पाणी उकळून दिलं. रेवाबाईनं आजाऱ्यांचे कपडे विहिरीपासून लांब नेले, उकळले, धुतले. गंगीबाईनं घरोघर पेज नेली."

आणि ते खाली बसले. एवढं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

"माझं धोतर कोणी धुतलं?" उखानं विचारलं.

"मीच," रेवाबाई म्हणाली. "आठवण काढू नको."

लोक हसले. कालीबाई उठून म्हणाली, "चला, भात." सगळे खळ्यावर गेले. पाऊस आलाच. कडेच्या काही पेंढ्या भिजल्या, बाकी भात घरात गेला. झोडताना रेवाबाई अधूनमधून ओरडायची, "ए एकटी गंगीबाई, सरक तिकडे!" हे नाव गंगीबाईला मरेपर्यंत चिकटलं.

मला पेजेबद्दल सगळं माहीत आहे, कारण आमच्या घरात तेच सांगतात. पावसाळ्यातली ती ओली लाकडं कालीबाईनं कशी पेटवली असतील, मला काही माहीत नाही. तिची लेक धनुबाई गावात आहे, नव्वदीला टेकलीय, कानानं कमी ऐकते. खांडबाऱ्याला उतरलात तर लवकर जाऊन भेटा तिला. तिच्या आईबद्दल विचारा. माझ्या पणजीचं नाव काढू नका.