उलट भाषांतर जुळलं

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ठाण्यातल्या आमच्या कारखान्याने लैंगिक छळाविरुद्धचे नियम कामगार पुस्तिकेत घातले. इंग्रजीवरून मराठी मी केलं. तक्रार थेट त्यासाठी नेमलेल्या समितीकडे करावी, असं त्यात होतं. पर्सोनेल मॅनेजरनी मला न विचारता तिथे ‘सुपरवायझरमार्फत’ घुसडलं. मी भांडले, तर म्हणाले, “मॅडम, शिस्त नको का?” अहो, पॅकिंगमधल्या बायका ज्याच्या हातांना घाबरायच्या, तोच त्यांचा सुपरवायझर! त्यातली एक रोज येऊन विचारायची, “ताई, छापलं का?”

माझी सगळी भिस्त उलट भाषांतरावर होती. मूळ इंग्रजी न दाखवता मराठी मजकूर डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरांना दिला. त्यांनी तो जसा होता तसा इंग्रजीत आणला. दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवताच फरक उघडा पडला. मी लाल खूण करून कागद डायरेक्टरांच्या टेबलावर आपटले.

दुरुस्त प्रत आली. मराठी तसंच होतं. मॅनेजरनी मूळ इंग्रजी बदललं होतं.

“बघा मॅडम,” मॅनेजर म्हणाले, “आता तंतोतंत जुळतंय.”

बाहेर ती उभी होती.

“ताई, छापलं का?”