झूरा एजेंचे दोन गुण

किर्गिझस्तानात नारीनजवळच्या गावात चौतीस वर्षं भाषा शिकवलेल्या आणि सगळे 'एजे' म्हणजे ताई म्हणत त्या झूरा एजेंना बिश्केकच्या परीक्षा तपासणी केंद्रात आधी पाच नमुना निबंध मिळाले. या निबंधांचे गुण समितीने एकमताने ठरवून झाकून ठेवले होते. त्या गुणांशी एजेंनी दिलेले गुण जुळले, तरच खरे गठ्ठे हाती येणार होते.

पाचपैकी तीन निबंधांना आशयाचे गुण एजेंनी दोन-दोनने कमी दिले होते. एकाचा फरक चालला असता.

प्रमुख मिर्लान त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. तो हळूच म्हणाला, "एजे, या तिन्हींत शुद्धलेखन वाईट आहे. त्याचे गुण भाषेच्या रकान्यात तुम्ही कापलेत. मग आशयातून पुन्हा का?"

"इतकं गचाळ लिहिणारा विचार काय करणार?" एजे फणकारल्या.

"वाचून बघा ना."

एजेंनी गुणांचा तक्ता शेजारी ठेवून एक निबंध पुन्हा वाचला. मुलाने आटलेल्या कालव्याबद्दल लिहिलं होतं. शब्दाशब्दाला चूक होती, पण मुद्दे चोख होते आणि प्रत्येकाला कारण दिलेलं होतं. त्यांना आपल्या वर्गातली गुलसून आठवली. असंच लिहायची. एजेंचं 'तुला जमणार नाही' ऐकून तिने वहीच मिटली होती.

एजेंनी तो निबंध खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दुसरा संच दे बाळा."

त्यातले पाचही जुळले. मिर्लानने दोनशे निबंधांचा गठ्ठा पुढे ठेवला. एजेंनी चष्मा पुसला आणि पहिला निबंध सावकाश वाचायला घेतला.